टाकी मोठी करा: फुकट गेम बनवणाऱ्या कंपनीला खुलं पत्र

प्रति,
उत्पादन प्रमुख आणि गेम-डिझाइन विभाग.
कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल, आणि इतर दोन-चार कंपन्यांनाही हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटलं तर उत्तमच.

विषय: एनर्जीची कमाल मर्यादा १२० वरून ६० वर आणल्याबाबत.

स.न.वि.वि.

तुमच्या किल्ले बांधायच्या गेममध्ये ‘गिरगाव गँग’ नावाचा एक गट आहे. मी त्याची गटप्रमुख. आम्ही सगळे मूळचे एकाच चाळीतले. चाळ पुनर्विकासाला गेली आणि कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला, एक बिऱ्हाड थेट बदलापूरला. आता लग्नकार्याशिवाय गाठ पडत नाही. तुमच्या गेममध्ये मात्र रोज पडते. कोणाचा बुरूज पुरा झाला, कोणी कोणाला दगड पाठवले, कोण तीन दिवस दिसलं नाही, सगळं तिथे कळतं. त्यामुळे ‘एवढं काय, गेमच तर आहे’ हे उत्तर आम्हाला देऊ नका.

दुसरं म्हणजे, मी एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. हिशेब जुळला नाही की मला चैन पडत नाही, आणि तुमच्या गेल्या अपडेटचा हिशेब लागेपर्यंत मला चैन पडली नव्हती.

अपडेटची सूचना अशी होती: ‘आनंदाची बातमी! एनर्जी आता आणखी वेगाने!’ आधी दर १० मिनिटांना एक एनर्जी मिळायची, आता दर ६ मिनिटांना एक. आमच्या गटात टाळ्यांचे इमोजी पडले. त्याच सूचनेत खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती: ‘कमाल एनर्जी ६० करण्यात आली आहे.’ आधी ती १२० होती. ही ओळ बहुतेकांनी वाचली नाही. ज्यांनी वाचली त्यांनाही ती पहिल्या ओळीएवढीच महत्त्वाची आहे हे लक्षात आलं नाही.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फुकट मोबाइल गेममध्ये हवं तेवढं खेळता येत नाही. प्रत्येक डावाला काहीतरी खर्ची पडतं. कुठे त्याला एनर्जी म्हणतात, कुठे स्टॅमिना, कुठे जीव किंवा हार्ट. ‘कँडी क्रश’मुळे हा प्रकार घराघरात पोहोचला: पाच जीव, हरलात की एक गेला, आणि गेलेला जीव परत यायला ३० मिनिटं. पाचही संपले की पुरे भरायला अडीच तास. त्यात निदान जिंकल्यावर जीव जात नाही. तुमच्या गेममध्ये हरा किंवा जिंका, डाव सुरू केला की माझ्या लेव्हलला १२ एनर्जी वजा होते. एनर्जी संपली की थांबा, नाहीतर जेम, म्हणजे रुपये मोजून घ्यायचे गेममधले खडे, खर्चून भरून घ्या.

यात दोन वेगळे आकडे असतात आणि सगळी मेख त्यात आहे. एक, एनर्जी भरण्याचा वेग. दोन, ती साठवायची कमाल मर्यादा. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे: नळ कितीही जोरात असला तरी टाकी भरली की बॉलकॉक बंद होतो, आणि त्यानंतर येणारं पाणी तुमचं नाही. तुम्ही नळ मोठा केलात आणि टाकी निम्मी केलीत. जाहिरात नळाची केलीत.

आता हिशेब. जुन्या पद्धतीत १० मिनिटांना एक म्हणजे दिवसाला १४४. टाकी १२० ची, म्हणजे रिकामी टाकी भरायला २० तास. मी सकाळी आठच्या सुमारास गाडीत गेम उघडते आणि रात्री आठच्या सुमारास परतीच्या गाडीत. दोन्ही वेळा बारा-बारा तासांची ७२ एनर्जी जमलेली असायची. दोन्ही मिळून १४४, म्हणजे दिवसाची सगळी, एक थेंब वाया नाही. नव्या पद्धतीत ६ मिनिटांना एक म्हणजे दिवसाला २४०. कागदावर पुष्कळ वाढली. पण टाकी ६० ची, ती सहा तासांत भरते आणि पुढचे सहा तास मी कामात किंवा झोपेत असताना काहीच जमत नाही. मला मिळतात सकाळी ६० आणि रात्री ६०. एकूण १२०.

वेग वाढला आणि माझी एनर्जी दिवसाला २४ ने कमी झाली. डावांत सांगायचं तर रोजचे बारा होते, आता दहा. एक डाव सुमारे दीड मिनिटाचा. म्हणजे एका बैठकीला साडेसात मिनिटं, आणि माझा गाडीतला प्रवास तासाच्या वर आहे.

ज्या आमच्या काकू दिवसातून एकदाच, रात्री जेवणं आटोपल्यावर खेळतात, त्यांना आधी १२० मिळायच्या, आता ६०. बरोबर निम्म्या. आणि जो दिवसातून तीनदा उघडतो, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री दहा, त्याला आधीच्या १४४ ऐवजी १८० मिळतात. चारदा उघडणाऱ्याला पूर्ण २४०, पण त्यासाठी दर सहा तासांनी उघडावं लागतं, म्हणजे चारांतली एक वेळ झोपेतली.

आमच्या गटात असा एकच जण आहे. तो वरळीच्या एका इमारतीत रात्रपाळीला सुरक्षारक्षक आहे. अपडेटनंतर गटाच्या यादीत तो सातव्या नंबरवरून पहिल्यावर आला. त्याचं कौतुक आहेच, पण तो काही जास्त चांगला खेळायला लागलेला नाही. तो जागा असतो.

म्हणजे या बदलातून तुम्ही खेळ वाढवलेला नाही. गेम उघडण्याच्या वेळा वाढवल्यात. तुमच्या धंद्यात रोज किती लोक गेम उघडतात आणि प्रत्येक जण दिवसातून किती वेळा उघडतो, हे दोन आकडे सगळ्यात वर असतात, हे बाहेरच्या लोकांनाही आता माहीत आहे. प्रत्येक वेळी उघडलं की आधी ऑफरचा बॅनर, मग रोजचं बक्षीस, मग ‘३० सेकंदांची जाहिरात बघा आणि ५ एनर्जी मिळवा’. एकदा उघडून अर्धा तास खेळणाऱ्या बाईपेक्षा चारदा उघडून सात-सात मिनिटं खेळणारी बाई तुम्हाला जास्त परवडते. हे तुमच्या बाजूने कळतं मला. पण मग ‘आनंदाची बातमी’ कोणाची, तेही लिहा.

थांबायला लावण्यालाच माझा विरोध आहे असं नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या मदतकक्षाने मला पाठवलेल्या उत्तराचा सूर तसा होता. फुकट गेममध्ये बहुतेक लोक एक पैसाही देत नाहीत, नवीन लेव्हल बनवायला माणसं आणि वेळ लागतो, आणि सगळं एका आठवड्यात खेळून संपवलं तर महिनाअखेर आम्हीच गेम काढून टाकू, हे मान्य. तुमच्याच गेममध्ये दुसरा टाइमर आहे, बांधकामाचा. बुरूज चढवायला आठ तास, तटबंदीला दोन दिवस. त्याबद्दल आमच्या गटात कोणी कधी तक्रार केली नाही. कारण ते काम आमच्या गैरहजेरीत पुरं होतं आणि मग आमची वाट बघत थांबतं. मी चार तास उशिरा आले तर पुढचा बुरूज चार तास उशिरा लागेल, पण बांधलेला काही ढासळत नाही. एनर्जीचं तसं नाही. टाकी भरल्यावर प्रत्येक सहा मिनिटांना एक एनर्जी माझ्या नावावर न जमता जाते. वाट बघायला लावणं वेगळं आणि वेळेवर न आल्याचा दंड लावणं वेगळं.

मदतकक्षाचं उत्तर असं होतं की ‘खेळाडूंनी अधूनमधून विश्रांती घ्यावी म्हणून एनर्जी मर्यादित ठेवली आहे’. विश्रांतीच द्यायची असेल तर ‘आत्ता भरा’ हे हिरवं बटण मर्यादेच्या शेजारीच का आहे? त्याचा दर बघा. दिवसातली पहिली भरती ५० जेम, दुसरी १००, तिसरी १५०, चौथी २००. सगळ्यात लहान पाकीट ८० जेमचं, ८९ रुपयांना. एका भरतीला ५० लागतात, ३० उरतात, आणि दुसरीला १०० लागतात, म्हणून आणखी एक पाकीट. हे आकडे एकमेकांत बसत नाहीत ते चुकून नाही. रुपयांत मांडलं तर पहिल्या भरतीचे सुमारे ५६ रुपये होतात आणि चौथीचे सुमारे २२२. मिळतं दोन्ही वेळा तेवढंच, साडेसात मिनिटांचा खेळ. बटणावर मात्र नुसतं ‘५०’ आणि जेमचं चित्र. ज्या कार्यालयात मी काम करते तिथे असं बिल कोणी पाठवलं तर मी ते परत पाठवीन.

हे सगळं नव्या खेळाडूला दिसत नाही, आणि त्याचीही तजवीज आहे. सुरुवातीला एका डावाला ५ च एनर्जी लागते आणि प्रत्येक लेव्हल चढली की टाकी आपोआप भरते. पहिले काही दिवस दर दहा-पंधरा मिनिटांनी लेव्हल चढते, त्यामुळे एनर्जी संपते हेच कळत नाही. ‘गेम आवडला? पाच तारे द्या’ हा चौकोन नेमका त्याच दिवसांत येतो. पुढे लेव्हल चढायला आठवडा लागतो, डावाचा खर्च १२ होतो, आणि तोवर गटात मैत्री झालेली असते, किल्ला निम्मा बांधलेला असतो. माझा भाचा नववीत आहे. त्याला वाटलं फोनचं घड्याळ सहा तास पुढे केलं की झालं. जुन्या काही गेममध्ये ती युक्ती चालायची. तुमचा गेम वेळ फोनकडून घेत नाही, सर्व्हरकडून घेतो, म्हणून काही झालं नाही. त्यात चूक नाही, नाहीतर सगळ्यांनीच तसं केलं असतं. सांगायचं एवढंच की वेळेच्या बाबतीत तुमची व्यवस्था अगदी चोख आहे. ती आमच्या बाजूने कधी वापरलेली मात्र दिसत नाही.

त्याचं उदाहरण घ्या. डाव सुरू करताना एनर्जी वजा होते आणि निकाल सर्व्हरला डाव संपल्यावर कळतो. मध्ये रेंज गेली तर डाव रद्द, एनर्जी गेली ती गेली. मुंबईत हे रोजचं आहे. आमच्यातले दोघे मेट्रो ३ ने बीकेसीला जातात. जमिनीखाली रेंज दगा देते आणि गाडी स्टेशनात शिरेपर्यंत स्क्रीनवर गोल फिरत राहतो. मग ‘जोडणी तुटली’, आणि १२ एनर्जी, म्हणजे नव्या दराने एक तास बारा मिनिटांची वाट, नाहीशी. सर्व्हरला डाव सुरू झाल्याचं माहीत आहे, पूर्ण न झाल्याचंही माहीत आहे. ती १२ परत टाकायला कोणतं तंत्रज्ञान कमी पडतं?

नोटिफिकेशनबद्दल थोडक्यात. मी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी एनर्जी संपवली की पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी फोन वाजतो: ‘सरदार, मावळे तुमची वाट पाहत आहेत!’ मावळ्यांना झोपू द्या. बंद करायचं तर सगळीच नोटिफिकेशन बंद करावी लागतात, मग गटातल्या कोणी दगड मागितले तेही कळत नाही. दोन्ही एकाच चावीला बांधून ठेवण्याचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

आता गणपतीच्या इव्हेंटबद्दल, कारण हे पत्र लिहायचं त्यानंतर ठरलं.

पाच दिवसांचा इव्हेंट होता. १,५०० मोदक जमवायचे, बक्षीस म्हणून किल्ल्याच्या दरवाजावर सोन्याची कमान. आमच्या गटाला ती फार आवडली. चाळीच्या गणपतीला दरवर्षी अशीच कमान असायची, आणि सगळ्यांच्या किल्ल्यांवर एकसारखी लावायची असं ठरलं. बॅनरवर लिहिलं होतं: ‘सर्वांसाठी मोफत!’ लहान-मोठे सगळे भिडले. दुसऱ्या दिवशी रात्री काकूंनी विचारलं, ‘अगं, हे पाच दिवसांत होणार आहे का?’ तेव्हा मी कागद घेतला.

एका डावाला १० मोदक. १,५०० मोदकांना १५० डाव. डावाला १२ एनर्जी, म्हणजे १,८०० एनर्जी. पाच दिवसांत कोणी एकदाही टाकी भरू न देता, रात्रीसुद्धा उठून, सगळी एनर्जी वापरली तर दिवसाची २४० प्रमाणे १,२०० आणि सुरुवातीची भरलेली टाकी ६०, एकूण १,२६०. म्हणजे अजिबात वाया न घालवणाऱ्या माणसालाही ५४० कमी. त्याला नऊ भरत्या लागतात. त्या पाच दिवसांत वाटून घेतल्या, चार दिवस दोन-दोन आणि एक दिवस एक, तर ६५० जेम. ते विकत घ्यायचे तर ५०० चं पाकीट ४४९ रुपयांना आणि ८० ची दोन, मिळून ६२७ रुपये.

हा झाला सगळ्यात स्वस्त मार्ग. माझ्यासारखी दिवसातून दोनदा उघडणारी बाई पाच दिवसांत ६०० एनर्जी वापरते. उरलेल्या १,२०० साठी २० भरत्या, रोजच्या चार. चार भरत्यांचे ५०० जेम, पाच दिवसांचे २,५००, आणि रुपये २,२४५. एका चित्रातल्या कमानीसाठी.

रुपयांपेक्षा मला राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. हा हिशेब तुम्ही इव्हेंट बनवताना केलेलाच असणार. १,५०० हा आकडा कोणी हवेतून काढत नाही. पैसे न भरता पूर्ण होणार नाही हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं आणि आम्हाला ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळावं अशी मांडणी होती, म्हणजे हजारभर मोदक जमवून ‘आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं’ असं वाटायच्या वेळी. तसंच झालं. भाच्याने वडिलांच्या फोनवरून दोन पाकिटं घेतली आणि तरीही कमान मिळाली नाही. घरी जे झालं ते इथे लिहीत नाही. सुरक्षारक्षकाने जेम घेतले नाहीत, त्याचे मोदक हजाराच्या आसपास अडकले. आमच्या गटात एकाही किल्ल्याला कमान नाही.

‘मोफत’ शब्दाबद्दल तुमच्याआधी इतरांना विचारणा झालेली आहे. २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘डंजन कीपर’ मोबाइलवर आला. त्यात भुयार खणायला एकेका दगडाला चार तास, काहींना २४ तास, नाहीतर जेम. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने त्याच वर्षी जुलैमध्ये निर्णय दिला की अशा गेमची ‘फ्री’ म्हणून केलेली जाहिरात दिशाभूल करणारी आहे, कारण फुकट खेळण्यावर किती मर्यादा आहेत आणि खरेदीची भूमिका काय आहे, हे त्यातून कळत नव्हतं. टाइमर ठेवू नका असं त्यांनी म्हटलं नव्हतं. आधी सांगा, असं म्हटलं होतं.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीबाबत मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आहेत. त्यात १३ प्रकार नावानिशी आहेत. एनर्जी टाइमर त्यात नाही, आणि तो आहे असं मी भासवणार नाही. पण खोटी घाई निर्माण करणं आहे, पूर्ण किंमत आधी न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणं आहे, आणि पुन्हापुन्हा व्यत्यय आणून भंडावणंही आहे. पाच दिवसांचा उलटा चालणारा काटा, चौथ्या दिवशी कळणारी किंमत आणि पहाटे ३.४० चे मावळे कुठे बसतात, ते तुमच्या कायदा विभागाला विचारा.

टाकी मोठी करणं धंद्याला झेपत नाही असं म्हणाल, तर ‘गेनशिन इम्पॅक्ट’ बघा. तोही फुकटच, आणि त्यातही असाच साठा आहे, त्याला रेझिन म्हणतात. आठ मिनिटांना एक. २०२० मध्ये गेम आला तेव्हा कमाल १२० होती, म्हणजे १६ तासांत भरायची. खेळाडूंनी ओरड केली आणि त्याच वर्षी ती १६० झाली, २१ तास २० मिनिटं. २०२४ मध्ये २००, म्हणजे २६ तास ४० मिनिटं. वेग तोच, आठ मिनिटांना एक. जास्त रेझिन कोणाला दिलं नाही. फक्त दिवसातून एकदा, आपल्या सोयीच्या वेळी येणाऱ्याचं नुकसान थांबवलं. त्या गेममध्ये पैसे काढायच्या वाटा पुष्कळ आहेत, त्याला साधू म्हणायचं कारण नाही. पण टाकी दिवसापेक्षा मोठी झाल्याने तो काही बंद पडला नाही.

तुम्ही मात्र २० तासांवरून ६ तासांवर आलात. उलट्या दिशेने.

आमच्या मागण्या अशा. कमाल एनर्जी किमान एका पूर्ण दिवसाची करा. आजच्या वेगाने ती २४० होते. २४० जड वाटत असेल तर जुना वेग परत आणा आणि मर्यादा १४४ ठेवा. दिवसाला मिळणारी एनर्जी कमी असली तरी चालेल, ती कधी वापरायची हे आमच्यावर सोडा. ही मुख्य मागणी. बाकीच्या सगळ्या फेटाळल्यात आणि एवढी मान्य केलीत तरी आम्ही खेळत राहू.

इव्हेंटच्या पहिल्याच पानावर लिहा: एकूण किती एनर्जी लागेल, आणि दिवसातून दोनदा खेळणाऱ्याला तेवढ्या मुदतीत किती मिळेल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल तर ‘सर्वांसाठी मोफत’ लिहू नका. भरतीच्या बटणावर जेमबरोबर रुपये लिहा. तुटलेल्या डावाची एनर्जी परत करा. रात्री १० ते सकाळी ७ एनर्जीची नोटिफिकेशन बंद, आणि गटाच्या निरोपांची चावी वेगळी. यातलं शेवटचं तर तुमच्याकडचा एखादा नवा मुलगा दुपारभरात करेल.

गणपतीच्या इव्हेंटमध्ये ज्यांनी जेम विकत घेऊनही कमान मिळवली नाही, त्यांना ती द्या किंवा पैसे परत करा. दोन्हींपैकी काय, ते त्यांना निवडू द्या.

पुढचा अपडेट येईपर्यंत आमच्या गटातलं कोणी जेम घेणार नाही, असं गेल्या रविवारी ठरलं. इतर नऊ गटांच्या प्रमुखांना मी हा हिशेब पाठवला आहे. त्यांनी आपापल्या लेव्हलचे आकडे घालून पडताळून बघितला, आणि दोन गटांत तर डावाचा खर्च १५ आहे, म्हणजे त्यांचं गणित आमच्यापेक्षा वाईट. अपडेटमध्ये काही बदललं नाही तर इव्हेंटच्या बॅनरचे स्क्रीनशॉट, खरेदीच्या पावत्या आणि वरचा ताळा घेऊन आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवू. प्रत्येक जण स्वतःची वेगळी.

एक विनंती उत्तराबद्दल. मागच्या वेळी मी लिहिलं तेव्हा तुम्ही माझ्या खात्यात २०० जेम टाकून तक्रार ‘निकाली’ काढलीत. ते जेम अजून तसेच आहेत. या वेळी जेम पाठवू नका. उत्तर गेममधल्या सूचना-फलकावर द्या, जिथे ‘आनंदाची बातमी’ लावली होती तिथेच, आणि अक्षर मोठं ठेवा.

कळावे,
गटप्रमुख, ‘गिरगाव गँग’
मुक्काम डोंबिवली, नोकरी फोर्टात